विकलेला विभाग वह्यांतून बाहेर कसा पडतो

कंपनीचा एखादा विभाग विकणे आणि कंपनीची उपकंपनी विकणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण हिशेबात त्यांची वाट वेगळी आहे. उपकंपनी स्वतंत्र असते. तिचे शेअर्स खरेदीदाराच्या नावे झाले की तिच्या पोटातले सगळे आपोआप त्याच्याकडे जाते. विभागाला असे वेगळे अस्तित्व नसते. त्याची जमीन, यंत्रे, माल, ग्राहकांकडची येणी, पुरवठादारांची देणी आणि कामगारांची ग्रॅच्युइटी हे सारे मूळ कंपनीच्याच नावावर, तिच्याच वह्यांत, इतर विभागांच्या आकड्यांत मिसळलेले असते. विकताना ते एकेक करून वेगळे काढावे लागते, आणि विभाग विकल्याचा नफा किती हे त्या वेगळे काढण्यावरच ठरते.

महाराष्ट्रातील अलीकडचा एक मोठा दाखला लार्सन अँड टुब्रोचा आहे. स्विचगिअर, वीजमीटर, नियंत्रण पॅनेल असे सामान बनवणारा कंपनीचा इलेक्ट्रिकल अँड ऑटोमेशन व्यवसाय फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिकला विकण्याचा करार मे 2018 मध्ये जाहीर झाला. किंमत ठरली 14,000 कोटी रुपये, तीही पूर्ण रोखीने. भारतीय स्पर्धा आयोगाने हा व्यवहार बारकाईने तपासला आणि 2019 मध्ये अटी घालून मंजूर केला. प्रत्यक्ष हस्तांतर 31 ऑगस्ट 2020 ला झाले. म्हणजे करार आणि ताबा यांच्यामध्ये सव्वादोन वर्षांहून अधिक काळ गेला. या मधल्या काळात विभागाचे कारखाने चालू होते, माल विकला जात होता, पगार होत होते, आणि तरीही या काळाच्या पुढच्या टप्प्यात हा व्यवसाय कंपनीचा ‘चालू व्यवसाय’ म्हणून मोजला जात नव्हता.

हे कसे, ते भारतीय लेखा मानक 105 मध्ये सांगितले आहे. (शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांना हे मानक लागू आहे. लहान कंपन्या अशा वेळी जुने लेखा मानक 24 पाळतात.) विभाग आहे त्या स्थितीत लगेच विकता येण्याजोगा असेल आणि विक्री होण्याची दाट शक्यता असेल, तर त्या दिवसापासून तो ‘विक्रीसाठी राखलेला’ ठरतो. दाट शक्यता म्हणजे नुसती इच्छा नव्हे. व्यवस्थापनाने ठरवलेली योजना हवी, खरेदीदाराचा खरा शोध हवा, मागितलेली किंमत बाजाराला धरून हवी आणि विक्री वर्षभरात उरकण्याची अपेक्षा हवी. सरकारी मंजुरीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला आणि कंपनी विक्रीच्या निर्णयावर ठाम राहिली, तर वर्षाची मुदत ओलांडली तरी चालते. लार्सन अँड टुब्रोच्या व्यवहारासारख्या प्रकरणांत ही सवलत कामाला येते.

पुढची रीत एका कल्पित उदाहरणाने पाहिलेली सोपी. पुण्याजवळ कारखाना असलेली, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी पंप आणि विजेच्या मोटारी बनवते. 31 मार्चला संचालक मंडळाने पंप विभाग 24 कोटी रुपयांना विकायचे ठरवले. खरेदीदार पक्का झाला, भागधारकांचा विशेष ठरावही मिळाला. कंपनीच्या नक्त मूल्याच्या किंवा एकूण उत्पन्नाच्या 20 टक्क्यांच्या वरचा हिस्सा असलेला व्यवसाय विकायचा तर कंपनी कायद्यानुसार असा ठराव लागतोच. ताबा 30 सप्टेंबरला द्यायचा आहे.

31 मार्चला हिशेबात तीन गोष्टी घडतात. पहिली, पंप विभागाची मालमत्ता आणि देणी ताळेबंदात आपापल्या जागेवरून उठून दोन वेगळ्या ओळींत जातात. मालमत्ता एका ओळीत आणि देणी दुसऱ्या ओळीत. दोन्हींची वजाबाकी करून एकच आकडा दाखवण्याची मुभा नाही, कारण वाचणाऱ्याला देण्यांचा बोजा दिसला पाहिजे. दुसरी, यंत्रे आणि इमारतींवरचा घसारा थांबतो. यंत्र रोज चालत असले तरी थांबतो. त्याची उरलेली किंमत आता वापरातून नव्हे, विक्रीतून वसूल व्हायची आहे, हा त्यामागचा विचार. तिसरी, विभागाची पुस्तकी किंमत आणि विक्रीतून खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम यांची तुलना होते आणि जी कमी असेल ती धरली जाते.

हा शेवटचा नियम एकतर्फी आहे आणि तसा असणेच योग्य आहे. आपल्या उदाहरणात विभागाची निव्वळ पुस्तकी किंमत 14 कोटी आहे आणि विक्रीतून 23.5 कोटी सुटणार आहेत. तरी 31 मार्चला एक रुपयाचाही नफा लिहायचा नाही, कारण सौदा अजून फिसकटू शकतो. पण किंमत 12 कोटीच मिळणार असती आणि खर्च अर्धा कोटी असता, तर अडीच कोटींचा तोटा त्याच दिवशी लिहावा लागला असता, सप्टेंबरपर्यंत थांबता आले नसते. असा तोटा आधी गुडविलमधून वजा होतो आणि उरलेला जमीन, इमारत, यंत्रे यांच्यावर वाटला जातो. माल आणि येणी यांची किंमत आपापल्या नियमांनी आधीच तपासलेली असते, म्हणून त्यांना या वाटणीत घेत नाहीत.

आता खरे कष्टाचे काम, विभागाची सीमा आखण्याचे. पंप विभागाच्या वह्यांत जमीन 6 कोटींना आहे. इमारत आणि यंत्रांची मूळ किंमत 14 कोटी, त्यावर आतापर्यंतचा घसारा 8 कोटी, म्हणजे 6 कोटी शिल्लक. माल 5 कोटींचा, ग्राहकांकडून येणे 7 कोटी. देण्यांच्या बाजूला पुरवठादारांचे 6 कोटी, कामगारांच्या ग्रॅच्युइटी आणि रजेची तरतूद 2 कोटी, आणि यंत्रांवरचे बँक कर्ज 3 कोटी. इथवर सरळ आहे. अडचण येते ती यादीत नसलेल्या गोष्टींची.

पहिली अशी गोष्ट म्हणजे गुडविल. कंपनीने पूर्वी पंप आणि मोटारींचा हा व्यवसाय एकत्र विकत घेतला होता आणि त्या वेळी मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेले 3 कोटी रुपये मुख्यालयाच्या वह्यांत गुडविल म्हणून पडून आहेत. पंप विभागाच्या खतावणीत त्याचा पत्ताही नाही. पण विकल्या जाणाऱ्या व्यवसायाबरोबर त्याच्या वाट्याचे गुडविलही जायला हवे. वाटा ठरतो तो दोन्ही भागांच्या आजच्या किमतींच्या प्रमाणात. पंप विभाग 24 कोटींचा, राहणारा मोटार विभाग 48 कोटींचा, म्हणजे एक तृतीयांश. पंप विभागाच्या मालमत्तेत 1 कोटीचे गुडविल मिळवायचे. हे विसरले तर नफा 1 कोटीने फुगतो आणि मोटार विभागाच्या डोक्यावर त्याचे नसलेले गुडविल राहते. ते एखाद्या वाईट वर्षी तोटा म्हणून बाहेर पडते आणि तेव्हा त्याचे कारण कुणालाच उमगत नाही.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी, यादीत असलेली पण जाऊ न देण्याची. पंप विभागाच्या वह्यांत ‘मुख्यालयाकडून येणे 1.2 कोटी’ अशी शिल्लक आहे. मोटार विभागाला दिलेले सुटे भाग, मुख्यालयाने वळवून घेतलेली रोकड, असे वर्षानुवर्षांचे जमलेले आकडे. कंपनी स्वतःचीच देणेकरी असू शकत नाही. ही मालमत्ता नव्हे, एकाच कंपनीच्या दोन वह्यांतला आपसातला हिशेब आहे. समोरच्या वहीतली तेवढीच रक्कम शोधून दोन्ही एकमेकांविरुद्ध मिटवायच्या असतात. ती मालमत्ता समजून विक्रीत काढून टाकली तर नफा 1.2 कोटींनी कमी दिसतो आणि मुख्यालयाच्या खात्यात कुणालाही द्यायची नसलेली देणी लोंबकळत राहतात. विभागाच्या विक्रीचे कागद तपासणारा अनुभवी लेखापरीक्षक या खात्याकडे लवकर वळतो, कारण हिशेब न जुळण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते.

सीमा आखून झाली की मालमत्ता 25 कोटी आणि देणी 11 कोटी होतात. फरक 14 कोटी, ही विभागाची निव्वळ पुस्तकी किंमत.

मालमत्ता वह्यांतून काढणे तुलनेने सोपे असते. खरेदीदाराला ताबा आणि मालकी दिली की ती गेली. देण्यांचे तसे नाही, आणि सर्वसाधारण वाचकाला सहज न जाणवणारा मुद्दा हाच आहे. कंपनीने बँकेकडून घेतलेले 3 कोटींचे कर्ज फेडण्याची जबाबदारी खरेदीदाराने करारात स्वीकारली, एवढ्याने कंपनी मोकळी होत नाही. करार कंपनी आणि खरेदीदार यांच्यातला आहे. बँकेला त्याचे बंधन नाही. खरेदीदाराने हप्ते थकवले तर बँक मूळ कंपनीच्याच दारात येणार. म्हणून जबाबदारी फिटली, रद्द झाली किंवा संपली तरच देणे वह्यांतून काढता येते. व्यवहारात त्यासाठी त्रिपक्षीय करार लागतो. त्यात बँक मूळ कर्जदाराला मुक्त करते आणि नवा कर्जदार मान्य करते. तो 30 सप्टेंबरपर्यंत झाला नाही तर कर्ज कंपनीच्या ताळेबंदातच राहते, आणि खरेदीदाराने ते फेडण्याचे जे वचन दिले ते त्याच्याकडचे येणे म्हणून वेगळे दाखवावे लागते. पुरवठादारांच्या मोठ्या देण्यांनाही हेच लागू आहे. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत कामगारांची नोकरी अखंड धरून, पूर्वीच्या सेवेसह, खरेदीदाराकडे वर्ग होते आहे का, हे पाहावे लागते. ती तशी वर्ग होत नसेल तर हिशेब चुकता करण्याची जबाबदारी जुन्या मालकावर येते. एखादी कंपनी विकलेल्या विभागाच्या कर्जाला हमीदार राहिली असेल, तर ती हमी सांगणारी टीप वार्षिक अहवालात शोधून वाचावी. ताळेबंदातून गेलेला बोजा तिथे शिल्लक असू शकतो.

आपल्या उदाहरणात बँकेचे पत्र आले, कामगारांचे हस्तांतरही झाले. आता किंमत. 24 कोटी हा आकडा मार्चच्या स्थितीवर ठरला होता. त्यानंतरच्या सहा महिन्यांत विकणाऱ्याने माल कमी ठेवून आणि येणी घाईने वसूल करून रोकड आपल्याकडे काढून घेऊ नये, म्हणून करारात खेळत्या भांडवलाची पातळी ठरवलेली असते. इथे ती 6.5 कोटी होती. ताब्याच्या दिवशी माल 5 आणि येणी 7 मिळून 12 कोटी, त्यातून पुरवठादारांचे 6 कोटी वजा जाता खेळते भांडवल 6 कोटीच निघाले. अर्धा कोटी कमी, म्हणून किंमत 23.5 कोटी झाली. वकील, मूल्यांकन करणारे आणि सल्लागार यांच्यावर आणखी अर्धा कोटी गेला. नफा असा: 23.5 वजा 0.5 वजा 14, म्हणजे 9 कोटी.

रोजकीर्दीत ही नोंद एकाच वेळी पडते. आकडे कोटींत:

बँक — नावे 23.5
जमलेला घसारा — नावे 8
पुरवठादार — नावे 6
ग्रॅच्युइटी व रजेची तरतूद — नावे 2
बँक कर्ज — नावे 3
जमीन — जमा 6
इमारत व यंत्रे — जमा 14
माल — जमा 5
ग्राहकांकडून येणे — जमा 7
गुडविल — जमा 1
बँक (विक्रीचा खर्च) — जमा 0.5
विभाग विक्रीवरील नफा — जमा 9

दोन्ही बाजू 42.5 कोटींना जुळतात. घसाऱ्याची ओळ मुद्दाम पाहावी. यंत्रांची मूळ किंमत जमा करायची तर त्यांच्यावर साठलेला घसाराही नावे टाकून काढावा लागतो. तो राहून गेला तर वह्यांत यंत्र नसलेला घसारा उरतो आणि पुढच्या वर्षी स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीची बेरीज ताळेबंदाशी जुळत नाही. नोंद बरोबर झाल्याची साधी खूण म्हणजे त्या दिवसानंतर पंप विभागाच्या प्रत्येक खात्याची शिल्लक शून्य असते, आपसातल्या खात्याचीसुद्धा.

आता थांबवलेल्या घसाऱ्याचा परिणाम पाहता येतो. सहा महिन्यांचा घसारा 60 लाख झाला असता. चुकून तो लावत राहिले असते तर यंत्रांची शिल्लक किंमत तेवढी घटली असती आणि विक्रीचा नफा 9 ऐवजी 9.6 कोटी दिसला असता. त्याच वेळी विभागाचा सहा महिन्यांचा कामकाजाचा नफा 60 लाखांनी कमी दिसला असता. एकूण बेरीज तीच, पण विभाग चालवण्यात काय मिळाले आणि विकण्यात काय, हे चित्र बिघडले असते.

आयकर खात्याचा हिशेब याहून निराळा आहे. एकेका मालमत्तेची किंमत न लावता सारा व्यवसाय एकरकमी विकला तर त्याला स्लम्प सेल म्हणतात. 1961 च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम 50बी होते. विभागाचे नक्त मूल्य हाच खर्च धरायचा आणि विक्रीच्या रकमेतून तो वजा करायचा. पण हे नक्त मूल्य काढताना यंत्रांची किंमत कंपनीच्या वह्यांतली नव्हे, आयकराच्या घसाऱ्यानंतर उरलेली घ्यायची असते, आणि पुनर्मूल्यांकनाने वाढवलेली किंमत मोजायची नसते. आयकरात घसारा सहसा वेगाने मिळत असल्याने इथे यंत्रांची उरलेली किंमत 6 ऐवजी 4 कोटीच भरते. नक्त मूल्य 12 कोटी, म्हणून करपात्र नफा 9 नव्हे तर 11 कोटी. विभाग दीर्घकाळ कंपनीकडे असल्यामुळे हा दीर्घमुदतीचा भांडवली नफा आहे. 23 जुलै 2024 पासून त्यावरचा दर 12.5 टक्के झाला. अधिभार आणि उपकर सोडले तर कर सुमारे 1.38 कोटी येतो. वेगळ्या घसाऱ्यापोटी पूर्वी वह्यांत पुढच्या करासाठी तरतूद केलेली असते, ती या वेळी परत फिरवायची. चार्टर्ड अकाउंटंटचा नक्त मूल्याचा अहवालही द्यावा लागतो. 2021 पासून किंमत मनाप्रमाणे कमी दाखवता येत नाही. व्यवसायाची नियमानुसार काढलेली बाजारभावाची किंमत जास्त निघाली तर कर तिच्यावर बसतो.

नफा-तोटा पत्रकात 9 कोटी मोटारींच्या विक्रीच्या उत्पन्नात मिसळायचे नसतात. पंप विभागाचा सहा महिन्यांचा करोत्तर नफा आणि विक्रीवरचा करोत्तर नफा मिळून ‘बंद केलेल्या व्यवसायातून नफा’ अशी एकच ओळ तळाला येते. तुलनेसाठी आदल्या वर्षीचे आकडेही त्याच पद्धतीने नव्याने मांडायचे असतात, म्हणजे आदल्या वर्षीची पंपांची विक्रीही वरच्या ओळींतून उठते. त्यामुळे कंपनीची उलाढाल गेल्या वर्षीच्या छापील अहवालातल्या आकड्यापेक्षा कमी दिसते आणि वाचणारा चक्रावतो. प्रति शेअर कमाईही चालू व्यवसायाची वेगळी आणि एकूण वेगळी देतात.

ही वेगळी ओळ किती उपयोगी आहे, हे लार्सन अँड टुब्रोच्या सप्टेंबर 2020 अखेरच्या तिमाहीत दिसले. कंपनीचा एकत्रित नफा सुमारे 5,500 कोटी रुपये, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या दुपटीहून जास्त होता. पण ही झेप विकलेल्या व्यवसायाच्या नफ्यामुळे होती. करोनाच्या टाळेबंदीचा फटका बसलेल्या चालू व्यवसायाचा, अपवादात्मक बाबी वगळून पाहिलेला नफा घटला होता. केवळ शेवटचा आकडा वाचणाऱ्याच्या हे लक्षात येणार नाही.

एक खर्च मात्र या ओळीत घालण्याचा मोह आवरावा लागतो. पंप विभागावर दरवर्षी मुख्यालयाच्या भाड्याचा, संगणक यंत्रणेचा आणि वरिष्ठांच्या पगाराचा वाटा टाकला जात असे. विभाग गेला तरी ते भाडे आणि ते पगार उद्याही द्यावेच लागणार. म्हणून हा वाटा बंद केलेल्या व्यवसायात नेता येत नाही, तो मोटार विभागाच्या गळ्यात पडतो. तो खाली ढकलला तर उरलेला व्यवसाय आहे त्यापेक्षा किफायतशीर भासतो. रोकड प्रवाह पत्रकातही असाच विवेक लागतो. कामकाजाच्या रोकडीतून 9 कोटींचा नफा वजा करायचा आणि विक्रीतून खर्च जाता आलेले 23 कोटी गुंतवणुकीच्या भागात दाखवायचे.

ताबा दिल्यानंतरही नोंदी पूर्णपणे संपतातच असे नाही. किमतीचा काही भाग सहसा एखाद्या बँकेकडे एस्क्रो खात्यात अडकवून ठेवतात. विक्रीआधीच्या काळातली कराची मागणी किंवा ग्राहकाचा दावा पुढे आला तर तो त्यातून भागवला जातो. काही करारांत पुढच्या दोन वर्षांच्या विक्रीवर आणखी पैसे द्यायचे ठरते. या रकमांचा अंदाज विक्रीच्या दिवशी करून तो किमतीत धरावा लागतो. नंतर विक्रीशी थेट जोडलेल्या वादामुळे, खेळत्या भांडवलाच्या भांडणामुळे किंवा विभागाच्या जुन्या देण्यामुळे त्यात बदल झाला, तर तो त्या वर्षी पुन्हा बंद केलेल्या व्यवसायाच्याच ओळीत येतो. त्यामुळे विभाग गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनीही अहवालात ही ओळ काही लाखांचा आकडा घेऊन दिसू शकते. तो आकडा कशाचा आहे, त्याचे स्वरूप कंपनीने टिपेत सांगणे मानकाने बंधनकारक केले आहे.